ओठ जड, पण दाढ जागीच: खालच्या दाढेचा ब्लॉक देताना

निपाणीहून आलेली बेचाळीस वर्षांची बाई. बिड्या वळून घर चालवणारी, पहाटेची एसटी धरून बेळगावला ओपीडीत आलेली. खालची उजवी पहिली दाढ, म्हणजे ४६, चार रात्री ठणकत होती. गार पाणी लागलं की कळ उठायची आणि मिनिटभर शमायची नाही. पोस्टिंगवरच्या विद्यार्थ्यानं ब्लॉक दिला, पाच मिनिटं थांबला, ओठ विचारला आणि बर लावला. बर डेंटिनपर्यंत पोचला आणि बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "होट जड झाल्यागत वाटालंय डॉक्टर, पण दाढ तशीच दुखालीय." विद्यार्थ्यानं पुन्हा तोच ब्लॉक, त्याच जागी, तेवढाच दिला. दहा मिनिटांनी परत तेच. मग त्यानं मला बोलावलं, "सर, ब्लॉक फेल गेला."

ब्लॉक फेल गेला नव्हता, आणि हा लेख त्या एका गोष्टीसाठीच लिहितोय. खालच्या दाढेत भूल न येण्याच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा आहेत. एकीत औषध मज्जातंतूपर्यंत पोचलेलंच नसतं आणि ओठ बधीर होत नाही. दुसरीत औषध बरोबर जागी पोचलेलं असतं, ओठ बधीर होतो, पण सुजलेला पल्प ऐकत नाही. पहिलीत सुई सुधारायची असते. दुसरीत सुई कितीही वेळा तिथंच मारली तरी फारसा उपयोग होत नाही. हा फरक ओळखता आला की पेशंटची निम्मी टोचणी वाचते.

औषध नेमकं कुठं पडायला हवं

इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह खालच्या जबड्याच्या उभ्या भागाच्या, म्हणजे रेमसच्या, आतल्या बाजूनं खाली येते आणि मँडिब्युलर फोरॅमेनमधून हाडात शिरते. फोरॅमेनच्या पुढच्या कडेवर लिंग्युला नावाचं हाडाचं जिभेसारखं टोक असतं. एकदा नर्व्ह हाडात गेली की रेमसचं जाड कॉर्टिकल हाड भेदून औषध तिच्यापर्यंत जात नाही. म्हणून सुईचं टोक फोरॅमेनच्या किंचित वर हवं, नर्व्ह अजून उघड्यावर असताना. सगळ्या खुणा या एका कारणासाठी आहेत. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूकही इथंच होते. सुई खाली जाते, औषध फोरॅमेनच्या खाली पडतं आणि वाट पाहून काही होत नाही.

लिंग्वल नर्व्ह याच जागेच्या जरा पुढं आणि आतल्या अंगाला असते. त्यामुळं औषध पुढं पडलं तर जीभ बधीर होते आणि ओठ जागा राहतो. ही खूण लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

खुणा बोटानं शोधायच्या, डोळ्यानं नाही

पेशंट अर्धवट आडवा, डोकं मागं टेकलेलं, तोंड पूर्ण उघडं. तोंड अर्धवट उघडं असलं की टेरिगोमँडिब्युलर रॅफे ताणली जात नाही आणि दिसतही नाही. उजव्या हातानं काम करणाऱ्यानं उजव्या बाजूच्या ब्लॉकला घड्याळातल्या आठच्या जागी, पेशंटकडं तोंड करून उभं राहावं. डाव्या बाजूला दहाच्या जागी.

डाव्या हाताचा अंगठा गालाच्या आतून खालच्या दाढांच्या मागं सरकवा. रेमसची पुढची कडा लागेल. तिथं अंगठा वर-खाली फिरवा. कडा आत वळून सर्वांत खोल जिथं जाते ती कोरोनॉइड नॉच. अंगठा तिथं टेकवा आणि गालाचं मांस बाहेरच्या बाजूला ओढून धरा. उरलेली बोटं बाहेरून, कानाच्या पाळीखाली रेमसच्या मागच्या कडेवर ठेवा. आता रेमस तुमच्या अंगठ्यात आणि बोटांत धरलेला आहे, आणि फोरॅमेन साधारण त्या दोघांच्या मध्यावर आहे. पहिल्या दहा-वीस ब्लॉकांना ही पकड सोडू नका. सुई कुठं चाललीय याचा नकाशा तुमच्या हातातच असतो.

अंगठ्याच्या मधल्या रेषेतून मागं एक आडवी रेषा कल्पा, खालच्या दातांच्या ऑक्लुजल प्लेनला समांतर. ही रेषा त्या प्लेनच्या ६ ते १० मिलिमीटर वर असते. दाढा झिजलेल्या किंवा पडलेल्या असतील तर प्लेनवर भरवसा नको, नॉचवर ठेवा. ही रेषा जिथं टेरिगोमँडिब्युलर रॅफेला मिळते, त्या रॅफेच्या जरा बाहेर, नॉचपासून मोजलं तर साधारण तीन-चतुर्थांश अंतरावर, सुई टोचायची. ओठाचा कोपरा, गाल आणि जीभ सुईपासून लांब ठेवा.

लहान मुलांत फोरॅमेन खाली, ऑक्लुजल प्लेनच्या पातळीला किंवा त्याखाली असतं. म्हणून मोठ्यांसाठी सांगितलेली उंची त्यांना लागू करू नका.

सुई आणि सिरिंज

कॉलेजांत बहुतेक ठिकाणी दोन टक्के लिग्नोकेनची, १:८०,००० अॅड्रेनलीनची शिशी आणि साधी डिस्पोजेबल सिरिंज वापरतात. सुई दीड इंची, म्हणजे साधारण ३८ मिलिमीटर, २६ गेजची. चालते. पण सुई हबपर्यंत कधी आत घालू नका. निदान एक तृतीयांश बाहेर हवी, कारण तुटली तर पकडायला काहीतरी लागतं. सुई वाकवूही नका. वाकवलेली सुई हबजवळ तुटते.

बॅरल समोरच्या बाजूच्या प्रीमोलरांवर ठेवा, म्हणजे उजवा ब्लॉक असेल तर डाव्या प्रीमोलरांवर. बेव्हल हाडाकडं. टोचताना पेशंटशी बोलत राहा, पण सुई आत जात असताना बोट हलू देऊ नका. हळू पुढं सरका. साधारण २० ते २५ मिलिमीटरवर टोक हाडाला लागतं. हा स्पर्श मऊ हवा, धक्का नव्हे. जोरानं आपटलेल्या सुईचं टोक वाकतं आणि परतताना मांस फाडतं.

हाड लागलं की १ मिलिमीटर मागं या. ओढून पाहा, म्हणजे अॅस्पिरेट करा. या ब्लॉकमध्ये शंभरातल्या दहा ते पंधरा वेळा रक्त येतं, म्हणून ही पायरी एकदाही सोडायची नाही. रक्त आलं तर सुई थोडी मागं घेऊन जागा बदला आणि पुन्हा ओढून पाहा. स्वच्छ असेल तर १.५ मिलिलिटर औषध पूर्ण एका मिनिटात सोडा. घाईनं सोडलं तर दुखतंही जास्त. मग सुई अर्धी मागं घ्या, पुन्हा अॅस्पिरेट करा आणि उरलेलं ०.३ मिलिलिटर लिंग्वलसाठी द्या.

लाँग बक्कल वेगळी नर्व्ह आहे, या ब्लॉकनं ती झोपत नाही. शेवटच्या दाढेच्या मागं, गालाच्या बाजूच्या म्युकोसात ०.३ मिलिलिटर. दाढ काढायची असेल तेव्हा आणि रबर डॅमची क्लॅम्प बसवायची असेल तेव्हा हे विसरू नका. क्लॅम्पचं दुखणं अनेकदा दाढेचं दुखणं म्हणून नोंदवलं जातं.

मधेच विजेच्या झटक्यासारखी कळ जिभेत किंवा ओठात गेली तर सुई नर्व्हला लागलीय. तिथं औषध टाकू नका. थोडं मागं या, कळ थांबू द्या, मग पुढं.

हाड काय सांगतं

खुणा शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळ या भागावर घालवतो, कारण सुई कुठं आहे हे पेशंटच्या तोंडात दुसरं कुणी सांगत नाही.

हाड फार लवकर लागलं, म्हणजे निम्मी सुईही आत गेलेली नसताना, तर टोक पुढं आहे. तिथं औषध टाकलं तर जीभ बधीर होईल, ओठ होणार नाही. सुई बाहेर काढू नका. थोडी मागं घ्या, बॅरल समोरच्या सुळ्याकडं किंवा पुढच्या दातांकडं आणा, म्हणजे टोक हाडाच्या कडेला घासत पुढं सरकेल. थोडं अंतर गेल्यावर बॅरल पुन्हा प्रीमोलरांवर आणा आणि पुढं जा. आता हाड योग्य खोलीवर लागेल.

हाड लागतच नसेल आणि सुई २५ मिलिमीटरच्या पुढं गेली असेल तर टोक मागं आणि आत आहे. इथं औषध टाकणं धोक्याचं आहे. पुढं पॅरोटिड ग्रंथी आहे आणि तिच्यातून फेशिअल नर्व्ह जाते. तिथं औषध गेलं की पेशंटची त्या बाजूची पापणी मिटत नाही आणि तोंड वाकडं होतं. औषध उतरल्यावर ते जातं, पण तोपर्यंत पेशंट आणि नातेवाईक हादरलेले असतात. अशा वेळी डोळा झाकून ठेवा आणि धीर द्या. ते टाळायचं असेल तर हाड लागल्याशिवाय औषध सोडू नका. टोक मागं आहे असं वाटलं तर सुई मागं घ्या आणि बॅरल समोरच्या दाढांकडं न्या, म्हणजे टोक हाडाकडं वळेल.

ओठ जागा आहे

औषध दिल्यावर ओठ आणि हनुवटी तीन ते पाच मिनिटांत जड होऊ लागते. सीमाभागात भाषेची एक अडचण कायम येते. मराठीत पेशंट "होट जड", "मुंग्या आल्या" म्हणतो, कन्नड बोलणारा "तुटी"बद्दल "जोमु" म्हणतो, आणि "बधीर झालं का?" या प्रश्नाला दोघंही घाबरून मान डोलावतात. म्हणून विचारण्यावर थांबू नका. प्रोबच्या टोकानं हनुवटीच्या दोन्ही बाजूंना स्पर्श करा आणि दोन्हीकडं सारखंच लागतंय का ते पेशंटलाच सांगू द्या. त्याला तुलना करता येते, मापता येत नाही.

पंधरा मिनिटांनंतरही ओठ जागा असेल तर ब्लॉक चुकला आहे. जीभ बधीर असेल तर टोक पुढं किंवा खाली पडलं असेल, जीभही जागी असेल तर ते फार वेगळ्या जागी गेलंय. दुसऱ्या वेळी ५ मिलिमीटर वर टोचा. माझ्या अनुभवात चुकलेले बहुतेक ब्लॉक खालीच चुकलेले असतात. विद्यार्थी सुई ऑक्लुजल प्लेनलगतच ठेवतो, कारण त्याला वरच्या जागी टोचायला भीती वाटते.

दोन वेळा व्यवस्थित हाड लागूनही ओठ जागा राहिला तर ओपीजी पाहा. नर्व्हला हाडात दोन वाटा असू शकतात. तशा पेशंटमध्ये नर्व्हच्या वरच्या पातळीवर औषध देणारा गो-गेट्स ब्लॉक उपयोगी पडतो. पण हे क्वचितचं कारण आहे. आधी स्वतःची उंची तपासा.

ओठ झोपला, दाढ जागी

निपाणीच्या बाईंकडं परत येऊ. त्यांच्या हनुवटीला प्रोब लावला तर उजवीकडं काहीच कळत नव्हतं. म्हणजे नर्व्ह झोपलेली होती. मग दाढेचं दुखणं कुठून?

पुस्तकांत लिहिलेलं एक कारण आधी मागं सारतो. लिग्नोकेनचा पीकेए ७.९ आहे. साध्या ७.४ पीएचला चौथाईच्या आसपास औषध नर्व्हच्या आवरणातून जाऊ शकणाऱ्या रूपात असतं, आणि सुजलेल्या आम्लधर्मी मांसात, समजा ६ पीएचला, ते जेमतेम एका टक्क्यावर येतं. म्हणून सुजलेल्या जागी इंजेक्शनचा परिणाम कमी होतो, हे खरं. पण ब्लॉक दाढेजवळ दिलेला नसतो, तो दाढेपासून लांब, निरोगी मांसात दिलेला असतो. तिथला पीएच बिघडलेला नाही. म्हणून हे स्पष्टीकरण इथं अपुरं आहे.

खरं कारण नर्व्हच्याच अंगी आहे. पल्प सुजला की त्यातल्या वेदनावाहक तंतूंची उत्तेजनाची पातळी खाली येते. त्यांच्यावर अशा सोडियम वाहिन्या वाढतात ज्यांवर लिग्नोकेनचा पुरता अंमल चालत नाही. चार रात्री ठणकलेल्या दाढेचे मेंदूपर्यंतचे संकेतही तापलेले असतात. न झालेल्या झोपेची आणि भीतीची त्यात भर पडते. दाढेच्या जवळचे तंतू नर्व्हच्या बाहेरच्या थरात असतात, म्हणून साध्या दाढेत ते पुढच्या दातांच्या तंतूंच्या आधी झोपतात. सुजलेल्या पल्पच्या दाढेत मात्र ही सोय कामी येत नाही, आणि ब्लॉक एकट्यानं पुरत नाही असं वारंवार दिसतं.

मायलोहायॉइड नर्व्ह फोरॅमेनच्या आधीच फुटते आणि काही जणांत पहिल्या दाढेला तंतू देते, हेही खरं. पण दुखणं थांबेना म्हणून मी आधी तिला दोष देत नाही. खालच्या दाढेच्या आतल्या बाजूला थोडं औषध देऊन पाहणं निरुपद्रवी आहे, पण त्यावर आशा ठेवून पेशंटला अर्धा तास बसवू नये.

आणखी एक साधं कारण वाट न पाहणं. ओठ पाच मिनिटांत जड होतो, पण दाढेचा पल्प झोपायला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. बर लावण्याआधी दाढेवर कोल्ड टेस्ट करा. थंडी लागली तर बर लावायचा नाही. ही चाचणी ब्लॉकच्या आधीही एकदा करून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

त्या बाईंचं पुढं काय केलं

विद्यार्थ्यानं दोन ब्लॉक आणि लाँग बक्कल मिळून ३.९ मिलिलिटर लिग्नोकेन दिलं होतं. दोन टक्क्यांत मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे ७८ मिलिग्रॅम. बाई ४८ किलोच्या. मी लिग्नोकेनची मर्यादा किलोला ४.४ मिलिग्रॅम धरतो. म्हणजे २११. एकतृतीयांशहून थोडं जास्त वापरलं होतं, ३७ टक्के. तिसरा ब्लॉक दिला असता तर औषध वाढलं असतं आणि दाढ तशीच राहिली असती.

कोल्ड टेस्ट केली. थंडी लागत होती. मग दाढेच्या बक्कल बाजूला, मुळांच्या समोर, चार टक्के आर्टिकेनचं १.८ मिलिलिटरचं इन्फिल्ट्रेशन दिलं. खालच्या दाढेच्या बाहेरचं हाड जाड आहे, तरी आर्टिकेनचं बक्कल इन्फिल्ट्रेशन ब्लॉकला जोड म्हणून चांगलं काम करतं. ते ७२ मिलिग्रॅम. आर्टिकेनची मर्यादा किलोला ७ मिलिग्रॅम, ४८ किलोला ३३६. म्हणजे २१ टक्के. दोन औषधांच्या मर्यादा वेगवेगळ्या मोजायच्या नाहीत. प्रत्येकाची टक्केवारी काढून बेरीज करायची. ३७ आणि २१ मिळून ५८. अजून जागा होती. अॅड्रेनलीनही साधारण ६७ मायक्रोग्रॅम झालं. बाईंना हृदयाचा त्रास नव्हता म्हणून चाललं. हृदयाच्या पेशंटला ४० मायक्रोग्रॅमवर मी थांबतो.

आठ मिनिटं थांबलो. पुन्हा कोल्ड टेस्ट केली, थंडी लागली नाही. बर लावला. पल्प चेंबरच्या छपराजवळ पोचलो तेव्हा थोडीशी कळ आली. तिथं इंट्रालिगामेंटरी दिलं. ३० गेजची छोटी सुई दाताच्या आणि हाडाच्या फटीत बसवून मेशिअल आणि डिस्टल मुळाला ०.२ मिलिलिटर प्रत्येकी, हळू. प्लंजरला चांगला दाब जाणवायला हवा आणि हिरडी पांढरी पडायला हवी. औषध बाहेर ओघळलं तर सुई बसलेली नाही. या ०.४ मिलिलिटरनं बेरीज ६२ टक्क्यांवर गेली. कळ थांबली आणि पल्प निघाला.

हे पुरलं नसतं तर शेवटचा उपाय इंट्रापल्पल. छपराला सुईइतकंच भोक पाडून, सुई घट्ट बसवून, दाबानं थोडं औषध आत. क्षणभर झोंबतं, ते पेशंटला आधी सांगा. भोक मोठं झालं की दाब राहत नाही आणि ते काम करत नाही, म्हणून छप्पर पूर्ण उघडण्याआधीच हा निर्णय घ्यावा लागतो.

अशा पुढच्या पेशंटसाठी आम्ही एक पायरी वाढवली. जठराचा, मूत्रपिंडाचा, दम्याचा त्रास नसलेल्या, गरोदर नसलेल्या अशा पेशंटला एक तास आधी आयब्युप्रोफेन ६०० मिलिग्रॅम दिलं तर ब्लॉक लागण्याची शक्यता वाढते. सगळ्यांना फरक पडतो असं नाही, पण ठणकणारी दाढ घेऊन तो तास नुसता बाकावर बसून काढण्यापेक्षा गोळी घेतलेली बरी.

तोंड उघडत नसेल तर

चिकोडी, निपाणी, हुक्केरी भागातून गुटखा खाऊन तोंड आखडलेले पेशंट येतात. दोन बोटं शिरत नाहीत. आतापर्यंत सांगितलेला ब्लॉक त्यांना देता येत नाही, कारण तो उघड्या तोंडाच्या खुणांवर उभा आहे. अशा वेळी वझीरानी-अकिनोसी ब्लॉक. दात मिटलेले, गाल बाजूला ओढलेला, सुई वरच्या दाढांच्या म्युकोजिंजिव्हल जंक्शनच्या पातळीला, वरच्या ऑक्लुजल प्लेनला समांतर, साधारण २५ मिलिमीटर आत. इथं हाड लागत नाही, म्हणून अॅस्पिरेशन अधिक काळजीनं करा. हा ब्लॉक पहिल्यांदा कुणीतरी शिकवणाऱ्यासमोरच द्या.

बाईंना दुपारी परतीची गाडी होती. निघताना विद्यार्थ्यानं त्यांना "मावशी" म्हणत तीन गोष्टी सांगितल्या: ओठ आणि जीभ मोकळी होईपर्यंत काही चावायचं नाही, गरम चहा नको, आणि सवय असली तरी ओठात तंबाखूची चिमूट ठेवायची नाही, कारण भाजलं किंवा चावलं तरी आता कळणार नाही. दोन-तीन तासांनी मुंग्या येऊ लागल्या की भूल उतरतेय असं समजा, तोवर दुखायच्या आधीच गोळी घ्या. रात्री दाढ ठणकली तर थांबू नका, फोन करा.